तिकिटाची मागची बाजू

मावशी कुणाचीच मावशी नव्हती. तिला ना बहीण, ना भाचरं. पण सव्वीस वर्षं सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? आधी 'ओ बाई' म्हणायचे, मग 'अहो ताई', आणि केसांत पांढरं दिसायला लागल्यावर सगळ्या गावाने एकदिलाने तिला मावशी करून टाकलं. तिला कुणी विचारलं नाही. तिनेही हरकत घेतली नाही.

खिडकीवर बसणाऱ्या माणसाची एक गंमत असते. त्याला लोकांचे चेहरे अर्धेच दिसतात. मावशीला हनुवट्या पाठ होत्या. वरचा चेहरा बघायचा तर तिला वाकावं लागे, आणि रांग मोठी असली की वाकायला कुणाला वेळ? हातांवरून मात्र ती माणूस ओळखायची. नखांत ग्रीस असलेला गॅरेजवाला, बोटाला शाई लागलेला मास्तर, पैसे मोजताना अंगठा चाटणारा किराणावाला. एकदा अर्ध्यातच मशीन बिघडून खेळ बंद पडला, तेव्हा तिने सगळ्यांचे पैसे परत केले. एका कॉलेजातल्या पोराचं तिकीट हरवलं होतं, तर त्याच्या मनगटावरचा जुना पट्टा बघून म्हणाली, "तू बाल्कनी, दुसरी ओळ, कडेची खुर्ची. घे." त्या पोराने घेतले आणि रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटला की बाईच्या डोक्यात नकाशा आहे नकाशा.

पुढे सिनेमागृह बंद पडलं. तिथे आता गाड्या लावतात. मावशीला पन्नासच्या पुढे दोन-तीन वर्षं झाली होती, नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. नोकरी शोधायला गेली की लोक विचारायचे, "कॉम्प्युटर येतो का?" ती म्हणायची, "बेरीज येते." यावर कुणी तिला खुर्ची दिली नाही.

दिली ती त्या मनगटावर पट्टा असलेल्या पोराने. तोवर तो पोर राहिला नव्हता. कार्यक्रम भरवायचा, स्वतःची छोटीशी कंपनी काढली होती. धोब्याच्या दुकानाला लागून दोन खोल्या, बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. गावात सगळे त्याला शोवाला म्हणत. उद्घाटनाच्या दिवशी त्याने चार लोकांसमोर भाषण ठोकलं, "वेबसाइटवर तिकिटं कुणीही विकेल. पण आपल्याकडे खिडकी आहे, आणि खिडकीत मावशी आहेत. लोक तिकीट घेतात ते मावशींच्या तोंडाकडे बघून." मावशीने त्या दिवशी घरी येऊन मुलीला फोन केला आणि काहीच न बोलता दोन मिनिटं रडली. मुलीला वाटलं कुणी गेलं.

तर अशी ही नोकरी. मुलीची पहिली तीन वर्षं या खिडकीवरच निघाली. आता चौथं, शेवटचं. मावशी सकाळी शोवाल्याच्या खोलीतल्या टेबलावरची धूळ स्वतःच्या पदराने पुसायची. शोवाला ओरडायचा, "मावशी, त्याला माणूस ठेवलाय ना!" ती म्हणायची, "तो पुसतो ते वेगळं. मी पुसते ते वेगळं."

*

त्या वर्षी शोवाल्याने मोठी उडी मारली. एका नावाजलेल्या व्हायोलिनवादकाची संध्याकाळ. हॉल अकराशे खुर्च्यांचा. तिकिटं पाच महिने आधीच विकायला काढली, 'आधी घ्या, स्वस्तात घ्या' असा फलक लावून. पाचशे पन्नास. नंतर घेणाऱ्याला आठशे.

आधी विकण्याचं गणित त्याने मावशीला समजावलं होतं. "पाण्याची खोली बघायची तर आत उडी नाही मारायची मावशी, काठी टाकून बघायची. तिकिटं ही आपली काठी." पहिल्या दोन-तीन महिन्यांत किती जातात त्यावर हॉलला उरलेले पैसे द्यायचे की नाही ठरणार, कलाकारांना आगाऊ पैसे द्यायचे की नाही ठरणार.

"आणि काठी बुडलीच नाही तर?"

"तर रद्द. पैसे परत. सोपं आहे."

सोपं आहे, म्हणून मावशीनेही खिडकीवर सोपंच सांगितलं. सव्वीस वर्षांची सवय. कुणी विचारलं, "मावशी, इतक्या आधी घेतोय, पण झालंच नाही तर?" की ती म्हणायची, "नाही झालं तर याच खिडकीवर या. पूर्ण पैसे मोजून घ्या. माझा शब्द." दोनशे दहा तिकिटं तिने अशी रोखीने विकली. प्रत्येकाबरोबर शब्द फुकट.

चारशे तीस तिकिटं वेबसाइटवर गेली. सगळी मिळून सहाशे चाळीस. अकराशे खुर्च्यांच्या हॉलात सहाशे चाळीस म्हणजे जेवणाच्या ताटात नुसती कोशिंबीर. तिसऱ्या महिन्यात एकही तिकीट हललं नाही, आणि दोन महिने उरलेले असताना शोवाल्याने संदेश पाठवला: अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द. तिकिटाची मूळ रक्कम परत केली जाईल.

मूळ रक्कम. मावशीने तो शब्द वाचला आणि पुढे गेली. मूळ म्हणजे मूळ. पाचशे पन्नासच मूळ.

*

परताव्याच्या पहिल्या दिवशी खिडकी उघडली तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढे कंडक्टर होता. एसटीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खांद्याला अजूनही ती तिरकी पिशवी. बायकोच्या साठीला म्हणून त्याने चार तिकिटं घेतली होती: दोघं नवराबायको, लेक आणि जावई.

"काय कंडक्टर, सकाळी सकाळी पहिली सीट?"

"सवय आहे. दाराजवळची." त्याने चारही तिकिटं सरकवली. "बायकोने साडी घेऊन ठेवलीय व्हायोलिनसाठी. आता ती साडी नेसून ती रेडिओ ऐकणार म्हणते."

मावशीने आतून आलेल्या यादीवर बोट ठेवलं. चार तिकिटं. परत द्यायचे: दोन हजार.

तिने पुन्हा बघितलं. चार पाचशे पन्नास म्हणजे बावीसशे. बेरीज तिला येत होती.

"थांबा हं. यादीत काहीतरी चुकलंय."

"यादी बरोबर आहे," कंडक्टर म्हणाला. "मीच सांगतो. पलटा तिकीट."

मावशीने तिकीट पलटलं. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई आंधळी होती का. सिनेमाच्या तिकिटाच्या मागे सव्वीस वर्षं जाहिरात छापलेली असायची. कधी साबणाची, कधी दंतमंजनाची. तिकीट विकणारा माणूस मागची बाजू बघतच नाही. पुढची बाजू आपली, मागची साबणवाल्याची. तिच्या हाताला ते इतकं पक्कं झालं होतं की दोनशे दहा तिकिटं विकताना तिने एकही उलटून बघितलं नव्हतं.

मागे मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: 'दरात प्रति तिकीट ५० प्रक्रिया शुल्क समाविष्ट. प्रक्रिया शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.'

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं तीच.

"मी आयुष्यभर तिकिटं फाडली मावशी," कंडक्टर म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट हळू झाला होता, आणि तेच वाईट होतं. "माणसं नाही फाडली. गाडी बंद पडली तर उतारूला तिकिटाचा पैसा पूर्ण परत, नाहीतर मागच्या गाडीत फुकट बसवायचं. 'बसायची प्रक्रिया झाली' म्हणून पैसे कापायचे नाहीत. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग?"

मागून एक बाई म्हणाली, "मलाही दिला होता हो!" आणखी मागून एक, "मलापण!" रांगेला आवाज फुटला.

मावशीने खिडकीची फळी ओढली. "पाच मिनिटं," ती म्हणाली. "कुणी जाऊ नका."

*

आतल्या खोलीत शोवाला कॉम्प्युटरसमोर बसला होता. टेबलावर तीन चहाचे पेले, तिन्ही अर्धवट. माणूस काळजीत आहे हे मावशीला पेल्यांवरूनच कळलं.

"हे पन्नास कसले रे?"

"प्रक्रिया शुल्क. अहो सगळेच घेतात मावशी. वकिलाकडून लिहून घेतलंय."

"वकिलाचं राहू दे. मला समजाव. कसली प्रक्रिया?"

तो खुर्चीत सरळ झाला. "ऑनलाइन पैसे येतात ना, ते ज्या कंपनीमार्फत येतात ती आपला वाटा कापून घेते. आपण गिऱ्हाइकाला परत केले तरी ती आपला वाटा परत देत नाही. तो आपल्या खिशातून जातो."

"किती कापते?"

"एका तिकिटाला... तेराच्या आसपास."

"मग पन्नास का?"

त्याने समोरचा पेला बाजूला सरकवला.

"बरं, ते ऑनलाइनचं. माझ्या खिडकीवरच्या दोनशे दहांना कुठली कंपनी आली मध्ये? नोट त्यांच्या हातातून माझ्या हातात. गठ्ठ्यातून तिकीट फाडलं ते मी. शिक्का मारला तो मी. मला तर तू पगार देतोस. मग ही प्रक्रिया करतो कोण?"

शोवाल्याने डोळे चोळले. "मावशी, हॉलची अनामत गेली. पंचवीस हजार. तारीख सोडली की जप्त, असा त्यांचा करार. ते कुठून आणू? ऑनलाइनवाल्यांचे तेरा-तेरा गेले तरी या पन्नास-पन्नासमधून जवळजवळ तेवढेच निघतात. मी काय बंगला बांधतोय का त्यावर?"

मावशी खाली बसली. आता तिला कळलं. हा चोर नव्हता. हा काठी टाकून पाणी बघायला गेला आणि काठीच वाहून गेली. पण काठीचे पैसे तो काठावरच्या बघ्यांकडून मागत होता.

"रद्द कुणी केलं?" तिने विचारलं.

"मी."

"कंडक्टरला यायचं नव्हतं का?"

"तसं नाही..."

"त्याच्या बायकोने साडी घेऊन ठेवलीय."

"मावशी, आता साडीचं कुठे काढता! नियम मागे छापलेत. तुम्ही वाचले नाहीत ही तुमची चूक."

"खरंय," मावशी म्हणाली. "माझी चूक." आणि उठून बाहेर गेली.

जाताना मनात हिशेब चालू होता. मुलीच्या शेवटच्या वर्षाचा हप्ता पुढच्या महिन्यात होता. या माणसाने आपल्याला उभं केलं, जेव्हा सगळे कॉम्प्युटर येतो का विचारत होते. याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे खाल्ल्या मिठाला... ती दारात थांबली. आणि तिला वाटलं, मिठाचीच तर गोष्ट आहे. ज्याचं खाल्लं त्याचं पान खराब होताना बघत बसायचं, ही कुठली कृतज्ञता?

*

तिने फळी उघडली. पर्समधून स्वतःचे दोनशे काढले आणि दोन हजारांवर ठेवून पुढे सरकवले.

"हे घ्या. बावीसशे पूर्ण."

कंडक्टर त्या दोनशेकडे बघत राहिला. एक नोट दुमडलेली होती, एकीला हळदीचा डाग. गल्ल्यातल्या नोटा अशा नसतात, हे पैसे मोजण्यात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"हे तुमचे आहेत."

"पैसे ते पैसे."

"अजिबात नाही." त्याने दोन हजारांसकट सगळेच परत ढकलले आणि तिकिटं उचलली. "तुमचे घेतले तर घरी तोंड दाखवायची सोय उरणार नाही. मी तक्रार करणार. तुमची नाही, त्याची. ग्राहकांची तक्रार घेणारं ऑफिस आहे ना, तिथे."

मावशीने दोनशे परत पर्समध्ये टाकले. मग ड्रॉवरमधून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, पेन काढलं आणि खिडकीतून पुढे केलं.

"करा. पण नीट करा. तुम्ही लोक तक्रार लिहिता म्हणजे तीन पानं शिव्या आणि तारीख नाही." रांगेला हसू आलं. "पहिल्या ओळीत लिहा: कार्यक्रम आयोजकाने रद्द केला, आम्ही नाही. मग तिकीट क्रमांक. मग खरेदीची तारीख, किती भरले, किती परत मिळतायत. रोख भरले हे ठळक लिहा. आणि लिहा की खिडकीवरच्या बाईने पूर्ण पैशांचा शब्द दिला होता."

"तुमचं नाव घालू?" मागच्या बाईने घाबरत विचारलं.

"घाला. पण 'मावशी' नका लिहू, ऑफिसात कुणाची मावशी चालत नाही."

कागद फिरायला लागले. कुणी भिंतीवर टेकून लिहितंय, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर. एका आजोबांना लिहिता येत नव्हतं, तर त्यांचं मावशीनेच लिहिलं, शुद्धलेखनासकट. शेजारच्या दुकानातून धोबी आला, काय चाललंय बघायला. त्यानेही दोन तिकिटं घेतली होती. त्याने इस्त्रीचं टेबल लिहायला मोकळं करून दिलं, आणि वर चिमटा काढला, "मावशी, मालकाविरुद्धची तक्रार मालकाच्याच कागदावर?"

"मालकाच्याच भल्यासाठी आहे. कागद त्याचाच लागणार."

दुपारपर्यंत एकोणीस तक्रारी झाल्या. मावशीने सगळ्यांना एकच विनंती केली. "पाठवणं तुमच्या हातात आहे, मी अडवणार नाही. पण संध्याकाळी पाचपर्यंत माझ्याकडे ठेवा. पाचला या, पैसे पूर्ण मिळाले नाहीत तर आपापली तक्रार माझ्याकडून घ्या आणि खुशाल टपालात टाका."

कंडक्टर म्हणाला, "आणि तोवर तुमची नोकरी?"

"ती संध्याकाळी बघू. सध्या रांग पुढे घ्या."

*

एकोणीस कागद घेऊन ती आत गेली. शोवाल्याला सगळं ऐकू आलं होतं. दोन खोल्यांमध्ये भिंत कुठली, प्लायवूड होतं. तिने कागद टेबलावर ठेवले आणि पेले उचलायला लागली.

"माझ्याविरुद्ध लिहून घेतलंत?" शोवाला कागदांकडे बघत म्हणाला. "तुम्ही? मी तुम्हाला..."

"तू मला खुर्ची दिलीस," मावशी म्हणाली. "लोक नाही म्हणत होते तेव्हा दिलीस. माझी पोर उद्या टोपी घालून दवाखान्यात उभी राहील ती तुझ्यामुळे. मी रोज सकाळी देवापुढे तुझं नाव घेते, तुला माहीत नसेल. म्हणूनच लिहून घेतलं. दुसऱ्या कुणासाठी एवढी शाई खर्च केली नसती."

तो पहिला कागद वाचायला लागला. कंडक्टरचा. अक्षर मोठं, सरळ, तिकिटामागून तिकीट फाडल्यासारखं. शेवटी लिहिलं होतं: 'खिडकीवरील बाईंनी स्वतःच्या पर्समधून दोनशे देऊ केले. मी घेतले नाहीत. कंपनीकडे असं माणूस आहे हे कंपनीला माहीत असावं.'

शोवाल्याने तो कागद खाली ठेवला.  मग उगाच मनगट चोळलं, जिथे पूर्वी तो पट्टा असायचा.

"त्या दिवशी माझं तिकीट हरवलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मागितलंही नाहीत."

"तुझी खुर्ची मला माहीत होती. तिकीट कशाला?"

"सिनेमाच्या मालकाने तुम्हाला बोल लावला नाही?"

"लावला. दोन दिवस बोलला नाही. मग पुढच्या शनिवारी खेळ भरला, तर आपणहून चहा पाठवला."

शोवाला हसला. पहिल्यांदा त्या दिवशी. "म्हणजे मीही पुढच्या शनिवारी चहा पाठवायचा?"

"आत्ता पाठवलास तरी चालेल. हे तिन्ही गार झालेत."

मग दोघं बसले आणि गणित मांडलं. खिडकीवरच्या दोनशे दहांना पूर्ण पाचशे पन्नास. ऑनलाइनच्या चारशे तीसांना पूर्ण; ते तेरा शोवाल्याच्या खिशातून. "रद्द मी केलं," तो पुटपुटला, जणू स्वतःलाच बजावत. हॉलची अनामत? मावशी म्हणाली, हॉलवाल्याकडे जा, भांडू नकोस, दुसरी तारीख माग. तो गेला. हॉलवाल्याने आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, सहा महिन्यांच्या आत दुसरा कार्यक्रम घेशील तर अर्धी अनामत त्यात वळती करतो. अर्धी का होईना. उरलेली अर्धी शोवाल्याने स्कूटर विकून भरली, आणि महिनाभर मावशीच्या बरोबरीने पायी येताना म्हणायचा, "तुमच्यामुळे पोट कमी झालं." ती म्हणायची, "मग त्याचेही पैसे दे मला."

त्या दिवशी पाच वाजता रांग परत लागली. मावशीने एकेकाचं तिकीट घेतलं, कोपरा फाडला, पाचशे पन्नास मोजले, आणि ज्याची त्याची तक्रार त्याला परत दिली. कंडक्टरने आपली दुमडून पिशवीत ठेवली.

"फाडत नाही का?" तिने विचारलं.

"फाडायचं काम मी सोडलंय. ठेवतो. नातवंडांना दाखवीन, कागदावर लिहिलं की खिडक्या उघडतात." आणि मग, अगदी जाता जाता, हनुवटी खाली घालून, "मावशी, बायको म्हणाली, तुम्हाला धन्यवाद सांग. मी विसरेन म्हणून आठवण करून द्यायला बाहेर उभी आहे."

मावशी वाकली. सव्वीस अधिक चार वर्षांत क्वचितच वाकली होती ती. फळीखालून बघितलं, तर रस्त्यापलीकडे एक बाई उभी होती, उतरत्या उन्हात, नवीकोरी साडी नेसून. बाईने हात हलवला. मावशीने हात हलवला. मागचा माणूस म्हणाला, "अहो, पुढे व्हा की!"

*

पुढचा कार्यक्रम चार महिन्यांनी झाला, त्याच हॉलात, बासरीचा. शोवाल्याने या वेळी हॉलची तारीख पक्की झाल्याशिवाय एकही तिकीट काढलं नाही. छापखान्यात तिकिटं जाण्याआधी त्याने नमुना मावशीसमोर ठेवला, उलटा करून.

"मागची बाजू तुम्ही लिहा."

मावशीने दोन तास घेतले. सगळे म्हणाले दोन पानं होणार. झाली एक ओळ, मोठ्या अक्षरांत: 'कार्यक्रम आम्ही रद्द केला तर भरलेले सगळे पैसे परत. याच खिडकीवर, किंवा ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने.'

खाली अर्धी जागा मोकळी राहिली. शोवाल्याने ती धोब्याच्या साबणवाल्याला विकली. तिकिटाच्या मागे पुन्हा साबणाची जाहिरात आली.

पहिल्या दिवशी कंडक्टर रांगेत सगळ्यांत पुढे होता. चार तिकिटं. घेतल्या घेतल्या त्याने तिकीट पलटलं आणि मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओळ वाचली, थांब्याचं नाव पुकारावं तशी. मग साबणाची जाहिरातही वाचली.

"चला," मावशी म्हणाली, "पुढे सरका, रांग मोठी आहे." पण त्या दिवशी तिने प्रत्येक तिकीट देण्याआधी उलटून बघितलं, आणि प्रत्येकाच्या हनुवटीकडे बघून हसली.